कोशातला शब्द शोधण्याचे दोन मार्ग : लिस्ट आणि सेट

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी बोलीचा शब्दसंग्रह करण्याचे काम आम्ही काही शिक्षक गेली काही वर्षे करीत आहोत. हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्याचे भाग होते. पुनर्रचनेत ते तालुके पलीकडे गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि आता तो तेलंगणात आहे. पैनगंगेच्या अलीकडच्या गावांत मराठी घरात बोलली जाते, बाजारात तेलुगूशी आणि गोंडीशी मिसळते, आणि त्या मिसळण्यातून असे कितीतरी शब्द वापरात आले आहेत की ते प्रमाण मराठीच्या कोशात सापडत नाहीत. ते शब्द वेचून काढणे हेच आमचे काम.

लोकांनी सांगितलेल्या गोष्टी, आठवणी, शेतीची माहिती हे सारे लिहून घेऊन टंकलिखित केले. तो मजकूर सुमारे तीन लाख शब्दांचा झाला. दुसऱ्या बाजूला प्रमाण मराठीच्या ६०,००० शब्दांची एक यादी होती. प्रश्न साधा होता : मजकुरातला कोणता शब्द यादीत नाही? माझी एक जुनी विद्यार्थिनी हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत ज्युनियर डेव्हलपर आहे. सुट्टीच्या दिवशी बसून तिने पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. तो नीट चालत असे, पण उत्तर द्यायला नऊ मिनिटे घेई. काही दिवसांनी तिने त्यात एक ओळ वाढवली आणि तेच उत्तर एका सेकंदाच्या आत येऊ लागले. असे का झाले, हे तिने मला ईमेलने कळवले. त्या पत्रात जे आहे ते भाषेचे काम करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असे मला वाटते, म्हणून ते इथे माझ्या शब्दांत मांडतो. मधूनमधून तिचेही शब्द देतो.

मूळ प्रोग्राम असा होता :

```python
kosh = open("kosh.txt", encoding="utf-8").read().split()
majkur = open("majkur.txt", encoding="utf-8").read().split()
nahit = [s for s in majkur if s not in kosh]
```

पहिल्या ओळीत कोशाची यादी वाचली जाते, दुसरीत आमचा मजकूर (विरामचिन्हे आधीच काढून टाकलेली होती). तिसऱ्या ओळीत मजकुरातला एकेक शब्द घेऊन तो कोशात नसेल तर बाजूला काढला जातो. वाचायला हे मराठी वाक्याइतके सरळ आहे, आणि घोटाळा त्या सरळपणातच लपला आहे. "सर, `not in` हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत, पण त्यामागे संगणक काय करतो ते दिसत नाही," असे तिने लिहिले होते.

पायथनमधली लिस्ट म्हणजे एकाखाली एक लिहिलेली यादी. एखादा शब्द तिच्यात आहे का असे विचारले, की संगणक पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो. हा तोच का? नाही. मग दुसरा. मग तिसरा. आमची यादी अकारविल्हे होती, त्यामुळे 'आई' लवकर सापडे आणि 'हळद'साठी जवळजवळ सारी यादी पालथी घालावी लागे. यादी अकारविल्हे आहे हे संगणकाला ठाऊक नसते, म्हणून आपण कोश मध्यावर उघडतो तसे तो करीत नाही. आणि शब्द यादीत नसेलच, तर 'नाही' म्हणण्यापूर्वी त्याला साठ हजारही शब्द पाहावे लागतात. आमचे काम तर नसलेले शब्द शोधण्याचेच होते.

तिने हिशेब मांडून दाखवला. तीन लाखांपैकी साधारण निम्मे शब्द यादीत जसेच्या तसे सापडत नव्हते. त्या दीड लाख शब्दांसाठी प्रत्येकी ६०,००० तुलना, म्हणजे ९०० कोटी. उरलेले दीड लाख सरासरी यादीच्या मध्याजवळ सापडतात असे धरले, तर प्रत्येकी ३०,००० प्रमाणे आणखी ४५० कोटी. एकूण १,३५० कोटी तुलना. तिच्या जुन्या लॅपटॉपला नऊ मिनिटे लागली यात नवल नाही; उलट, इतके काम नऊ मिनिटांत झाले याचेच मला नवल वाटले.

तिने वाढवलेली ओळ ही :

```python
kosh = set(kosh)
```

ही ओळ पहिल्या दोन ओळींनंतर येते. बाकी काही बदलले नाही. तिसरी ओळ अक्षरशः तीच राहिली, पण आता `kosh` ही लिस्ट नसून सेट आहे. गणितात संच म्हणतो तोच हा सेट : त्यात प्रत्येक घटक एकदाच असतो आणि क्रमाला अर्थ नसतो. वेग मात्र त्या व्याख्येतून येत नाही. सेट आतून कसा बांधलेला आहे, त्यातून तो येतो.

आपण शिक्षक शब्दांच्या चिठ्ठ्या जमवतो तेव्हा त्या कप्प्यांत ठेवतो. क चा कप्पा, ख चा कप्पा असे. 'हळद' हवी असेल तर आपण 'अ'पासून सुरुवात करीत नाही, थेट ह च्या कप्प्याकडे जातो. यात मोठी बचत आहे, पण ज्याने मराठी कोश हाताळला आहे त्याला यातली अडचणही ठाऊक असते. क, प, स यांचे कप्पे फुगतात, ङ आणि ञ चे रिकामे राहतात. शब्दाचे पहिले अक्षर हा कप्पा ठरवण्याचा चांगला नियम नव्हे, कारण तो शब्दांना सारखे वाटत नाही. असा नियम हवा की शब्द पाहताक्षणी कप्पा क्रमांक काढता येईल आणि सगळे कप्पे साधारण सारखे भरतील. संगणकशास्त्रात या नियमाला हॅश म्हणतात. ही कल्पना १९५३ साली आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात मांडली होती.

पत्रात तिने कागदावर करून पाहण्यासारखे एक उदाहरण दिले होते. क ला १, ख ला २ असे अंक देत जा. म ला २५, ह ला ३३, ळ ला ३४ येतात. शब्दातल्या व्यंजनांच्या अंकांची बेरीज करा (स्वर आणि मात्रा सोडून द्या) आणि १० ने भागून बाकी घ्या. ती बाकी हा कप्प्याचा क्रमांक. आता आपल्या भागातली पिके ठेवू. 'तूर' : त १६, र २७, बेरीज ४३, कप्पा ३. 'हळद' : ३३, ३४, १८, बेरीज ८५, कप्पा ५. 'सोयाबीन' : ३२, २६, २३, २०, बेरीज १०१, कप्पा १. 'कापूस' : १, २१, ३२, बेरीज ५४, कप्पा ४. 'ज्वारी' : ८, २९, २७, बेरीज ६४, कप्पा पुन्हा ४.

आता विचारा, 'मूग' यादीत आहे का? म २५ आणि ग ३, बेरीज २८, कप्पा ८. तो रिकामा आहे. म्हणजे 'मूग' नाही, आणि हे कळायला एकाही शब्दाशी तुलना करावी लागली नाही. 'हरभरा' विचारा : ३३, २७, २४, २७, बेरीज १११, कप्पा १. तिथे 'सोयाबीन' आहे, 'हरभरा' नाही. एका तुलनेत उत्तर. 'ज्वारी' विचारली तर ४ क्रमांकाच्या कप्प्यात आधी 'कापूस' भेटेल, मग 'ज्वारी', दोन तुलना. यादीत पाच शब्द असोत की साठ हजार, कप्पे त्या प्रमाणात वाढवले तर दर वेळी एखाद-दुसरी तुलनाच पुरते. वेगाचे सारे कारण इतकेच आहे.

'कापूस' आणि 'ज्वारी' एकाच कप्प्यात आले याला टक्कर म्हणू. टक्कर पूर्ण टाळता येत नाही, कमी मात्र करता येते. आमचा बेरजेचा नियम या बाबतीत कच्चा आहे : 'मका' आणि 'काम' यांत व्यंजने तीच, म्हणून त्यांची टक्कर ठरलेलीच, 'तूर' आणि 'रात' यांचेही तसेच. पायथनचा नियम अक्षर कोणते आहे याबरोबर ते कितव्या जागी आहे हेही हिशेबात घेतो आणि मात्रा सोडून देत नाही, त्यामुळे मिळतेजुळते शब्दही दूरदूरच्या कप्प्यांत पडतात. शिवाय तो कप्पे मुद्दाम रिकामे ठेवतो. साठ हजार शब्दांच्या सेटला तो १,३१,०७२ कप्पे घेतो, म्हणजे निम्म्याहून अधिक रिकामेच. टक्कर झालीच तर दुसरा शब्द ठरलेल्या नियमाने पुढच्या एखाद्या कप्प्यात जातो. या रिकाम्या जागेची किंमत मोजावी लागते : लिस्टला शब्दांचे पत्ते ठेवायला अर्धा एमबी जागा लागे, सेटला दोन एमबी लागतात. आजच्या यंत्रावर ही किंमत नगण्य आहे, पण वेग फुकट मिळालेला नाही हे लक्षात असावे.

कोश अकारविल्हे असताना मध्यावर उघडून शोधणे वाईट का, असा प्रश्न मी तिला उलट लिहिला. वाईट नाहीच, असे तिचे उत्तर आले. दर वेळी यादी निम्मी करीत गेल्यास साठ हजारांत शब्द शोधायला फार तर १६ पायऱ्या लागतात. ज्याला 'का'पासून सुरू होणारे सारे शब्द हवेत त्याने तोच मार्ग घ्यावा, कारण सेटमध्ये शेजार नसतो. तिथे 'कापूस' आणि 'कापड' यांचे कप्पे एकमेकांपासून कुठेही असू शकतात. केवळ 'आहे की नाही' एवढाच प्रश्न असेल तर सेट.

सेट कुठे करायचा हेही महत्त्वाचे आहे. तिच्या एका सहकाऱ्याने हाच बदल असा सुचवला होता :

```python
nahit = [s for s in majkur if s not in set(kosh)]
```

दिसायला हे अधिक आटोपशीर आहे. प्रत्यक्षात मजकुरातल्या प्रत्येक शब्दागणिक साठ हजार शब्दांचा सेट नव्याने बांधला जातो, एकदा वापरला जातो आणि फेकला जातो. एक सेट बांधायला त्याच यादीवरून एकदा नजर फिरवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून हा प्रोग्राम मूळच्यापेक्षाही हळू चालतो. चिठ्ठ्या एकदाच लावायच्या आणि मग लाखो वेळा शोधायचे, तरच कप्प्यांचा फायदा. एकच शब्द शोधायचा असेल तर लिस्टच ठीक.

दुसरे, तिने सेट केला तो कोशाचा, मजकुराचा नाही. मजकूर सेटमध्ये घातला असता तर प्रत्येक शब्द एकदाच उरला असता. कोशकाराला त्यात मोठे नुकसान आहे. एखादा शब्द चाळीस वेळा आला की एकदाच, तो कोणाच्या गोष्टीत, कोणत्या वाक्यात आला, यावरूनच तो रूढ शब्द की बोलताना झालेली चूक हे ठरते. मजकूर लिस्टमध्येच राहिला म्हणून ही माहिती शाबूत राहिली.

पुढे नसलेल्या शब्दांतली पुनरुक्ती काढण्यासाठी त्यांचाही एक सेट केला, तेव्हा आमच्या एका सहकारी बाईंच्या हाती दोन दिवसांच्या दोन छापील प्रती आल्या. शब्द तेच, क्रम निराळा. प्रोग्राम बिघडला अशी त्यांची खात्रीच झाली होती. पण पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, शब्दांच्या हॅशमध्ये प्रोग्रामच्या प्रत्येक खेपेला एक नवा यादृच्छिक अंक मिसळला जातो. कोणी मुद्दाम एकाच कप्प्यात पडणारे हजारो शब्द पाठवून संकेतस्थळ ठप्प करू नये, म्हणून ही काळजी. कारण सगळे शब्द एका कप्प्यात गेले की सेटची पुन्हा लिस्टच होते. छापण्यापूर्वी `sorted` वापरून शब्द लावून घेतले की क्रम स्थिर राहतो. मात्र तो क्रम संगणकाच्या अक्षरक्रमांकांचा असतो. त्यात ळ हा ल नंतर लगेच, व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर नाही.

या साऱ्यापेक्षा आम्हाला अधिक गुंतवून ठेवले ते एका वेगळ्याच गोष्टीने. नसलेल्या शब्दांत 'तऱ्हा' आला. हा शब्द आदिलाबादचा खास नाही हे कोणीही सांगेल, आणि तो कोशाच्या यादीतही डोळ्यांना दिसत होता. दोन्ही ठिकाणी अक्षरे हुबेहूब तीच. तिने दोन्ही शब्दांची लांबी `len` ने मोजली : कोशातल्या शब्दात पाच चिन्हे निघाली, मजकुरातल्या शब्दात सहा.

कारण ऱ तीन प्रकारे टाइप होतो. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचे एक चिन्ह आहे. तोच र खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो. आणि काही कळपाट र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे तिन्ही मिळून तो अर्धा ऱ काढतात. पडद्यावर तिन्ही सारखेच. पण संगणक दिसणे तपासत नाही, चिन्हांची माळ तपासतो. माळ निराळी म्हणून हॅश निराळा, म्हणून कप्पा निराळा. लिस्टमध्येही हा शब्द सापडत नव्हताच. फरक इतकाच की ते कळायला नऊ मिनिटे लागत. सेट 'जवळपास तोच' असे काही जाणत नाही. हवा तो शब्द तंतोतंत आहे किंवा नाही, एवढेच तो सांगतो.

उपाय म्हणजे कप्प्यात ठेवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी, दोन्ही वेळा, शब्द एकाच लेखनपद्धतीत आणणे :

```python
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

पहिली ओळ नुक्त्याचा प्रकार मूळ चिन्हात आणते. अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार तिला कळत नाही, त्यासाठी दुसरी ओळ. ('ॲ' हे एक चिन्ह आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेले 'अॅ' यांनाही पहिली ओळ एक मानत नाही; त्यांचा बदल वेगळा लिहावा लागतो.) ज्यांच्या याद्या अनेकांनी, वेगवेगळ्या कळपाटांवर टंकलिखित केल्या आहेत त्यांनी हे आधीच करून घ्यावे. नाही तर एका टंकलेखकाची सवय एका जिल्ह्याची बोली म्हणून नोंदवली जाईल.

ही सफाई झाल्यावरही नसलेल्या शब्दांचा ढीग मोठाच होता, कारण तो बहुतेक विभक्तीचा होता. यादीत 'घर' आहे. मजकुरात 'घराला', 'घरात', 'घरून'. प्रत्येक शब्दाचा शेवट कापून उरलेला भाग कोशात पाहायचा, ला, त, ने, चा, हून असे सहा-सात प्रत्यय आळीपाळीने, असा बेत ठरला. इथे सेटचे खरे मोल दिसले. एका शब्दामागे सात वेळा कोश पाहायचा तर लिस्टने तासाभराचे काम झाले असते, आणि प्रत्येक नवा नियम तपासायला पुन्हा एक तास. तेवढा धीर ना तिच्याकडे होता ना आमच्याकडे. सेटने सातपट शोधही सेकंदाच्या आतबाहेर होतो, त्यामुळे एका रविवारी दुपारी बसून आम्ही नियम लिहीत, चालवून पाहत आणि खोडत राहिलो.

'घराला'मधून 'ला' काढला की 'घरा' उरतो. शेवटचा आकार काढला की 'घर' मिळते. 'कापसाला' मात्र 'कापसा'वर अडतो आणि आकार काढून 'कापस' होतो, 'कापूस' होत नाही. उपान्त्य ऊ गळण्याचा हा नियम आपण वर्गात शिकवतो : कापूस–कापसाला, माणूस–माणसाला. तो आता प्रोग्रामला शिकवायचा आहे. तिने पत्राच्या शेवटी त्याबद्दलच विचारले होते : "सर, ऊ गळतो ते शब्द कोणते आणि टिकतो ते कोणते, यांची यादी मिळेल का? तिचाही सेट करते." ती यादी करायला आम्ही घेतली आहे. 'तूर' आणि 'मूग' यांचा ऊ टिकतो, कारण तुरीला, मुगाला यांत तो ऱ्हस्व होतो पण जात नाही, इथपर्यंत आलो आहोत.